सुटलेल्या झेलांचा हिशेब

एकनाथ सोलकर २७ कसोटी सामने खेळले आणि त्यांनी ५३ झेल घेतले. राहुल द्रविडने १६४ कसोटींत २१० झेल घेतले. म्हणजे सामन्यामागे सोलकरांचे जवळजवळ दोन झेल आणि द्रविडचा सव्वा. रात्रपाळीच्या चहाला आमच्याकडे हा विषय निघाला की एक ज्येष्ठ भूलतज्ज्ञ हे दोन आकडे टाकतात आणि वाद संपला असे जाहीर करतात. सोलकरांविषयी मला तसूभरही कमी आदर नाही. १९७१ मध्ये ओव्हलवर त्यांनी ॲलन नॉटचा जो झेल पुढे झेपावून घेतला, त्याच्या वर्णनावरच आमची पिढी वाढली. पण वाद संपत नाही, कारण या दोन्ही आकड्यांत अंश आहे, छेद नाही.

सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजापासून चार-पाच हातांवर, हेल्मेटशिवाय उभे राहत आणि समोरून बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांची फिरकी चाले. तिथे झेल येणारच. किती आले आणि त्यातले किती निसटले, हे त्या काळच्या धावफलकात कुठेच नाही. धावफलक फक्त पकडलेला झेल लिहितो. सुटलेल्या झेलाला त्यात जागा नसते, आजही नाही.

डॉक्टरला ही अडचण फार ओळखीची आहे. ‘अमुक वॉर्डात गेल्या महिन्यात बारा रुग्ण दगावले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कितीपैकी बारा, हा पहिला प्रश्न. आणि ते कसे रुग्ण होते, हा दुसरा आणि जास्त महत्त्वाचा. सरकारी रुग्णालयात पहाटे दोनला तालुक्याहून पाठवलेला, रक्तदाब लागत नसलेला रुग्ण येतो. ठरवून, सगळ्या तपासण्या करून दाखल झालेल्याशी त्याची तुलना कशी करणार? न्यूयॉर्क राज्याने १९९०च्या सुमारास हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांचे मृत्युदर जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा आधी प्रत्येक रुग्णाचे वय, हृदयाची अवस्था, इतर आजार पाहून ‘असे रुग्ण असताना सर्वसाधारणपणे किती मृत्यू झाले असते’ हा अपेक्षित आकडा काढला आणि प्रत्यक्ष मृत्यू त्याच्याशी ताडून पाहिले. क्षेत्ररक्षणाचे न्याय्य मोजमाप म्हणजे नेमके हेच, फक्त मैदानावर.

दोन काल्पनिक खेळाडू घेऊ. दोघांकडे मोसमात वीस-वीस झेल आले. पहिल्याने १८ पकडले, दुसऱ्याने १४. टक्केवारीत ९० आणि ७०. दुसऱ्याला संघाबाहेर काढायची मागणी लगेच सुरू होईल. आता झेलांचे वर्गीकरण करू. हातात येणारे सोपे झेल सर्वसाधारण खेळाडू शंभरात ९५ पकडतो असे धरा, आणि झेप घ्यावी लागणारे अवघड झेल शंभरात ३०. पहिल्याकडे १८ सोपे आणि २ अवघड झेल आले होते. त्याच्या जागी कोणीही असता तर सरासरी १७.७ झेल पकडले गेले असते. त्याने १८ पकडले. दुसऱ्याकडे ८ सोपे आणि १२ अवघड आले. तिथे सर्वसाधारण खेळाडूने ११.२ पकडले असते. याने १४ पकडले. म्हणजे पहिल्याच्या खात्यात जमा ०.३ झेल, दुसऱ्याच्या २.८. सत्तर टक्केवाला उजवा ठरतो.

हे ९५ आणि ३० मी सोयीसाठी घेतले. प्रत्यक्षात ते आधीच्या हजारो झेलांच्या नोंदींवरून काढावे लागतात. चेंडू किती वेळ हवेत होता, क्षेत्ररक्षकाला किती अंतर कापायचे होते, तो पुढे धावत होता की पाठ फिरवून मागे, बॅटपासून किती जवळ उभा होता, यावरून प्रत्येक झेलाची ‘पकडला जाण्याची शक्यता’ ठरते. स्लिपमधला झेल आणि लाँग ऑफवरचा उंच झेल हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांना एका तराजूत घालू नये.

इथे एक खोच आहे. ‘झेल आला’ कधी म्हणायचे? समालोचक साधारणपणे हाताला लागून सुटला तरच ‘झेल सुटला’ म्हणतो. मग जो चपळ खेळाडू वीस पावले धावून, झेपावून बोटे लावतो त्याच्या नावावर चूक लागते, आणि जो जागचा हललाच नाही, ज्याच्यापुढे चेंडू टप्पा पडून आला, त्याची पाटी कोरी राहते. अवघड रुग्ण हातीच न घेणाऱ्या सर्जनचा मृत्युदर नेहमी उत्तम असतो, त्यातला हा प्रकार. उपाय एकच: संधी चेंडूवरून ठरवायची, हात लागण्यावरून नाही. चेंडू तीन सेकंद हवेत होता आणि खेळाडू बारा मीटरवर होता, तर ती त्याची संधी, मग तो धावला असो वा नसो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये कॅमेऱ्यांच्या मदतीने २०१७ पासून असेच मोजतात. क्रिकेटमध्येही मोठ्या सामन्यांत कॅमेऱ्यांनी चेंडूचा मार्ग टिपला जातो, पण सगळ्या क्षेत्ररक्षकांच्या जागा आणि हालचालींची नोंद सर्वांना खुली नसते. आपल्याला फुकट मिळते ती क्रिकशीटसारख्या संकेतस्थळावरची चेंडूगणिक नोंद. त्यात गोलंदाज, फलंदाज, धावा, बाद होण्याचा प्रकार आणि झेल घेणाऱ्याचे नाव असते. सुटलेला झेल नसतो, चेंडू कोणी अडवला हेही नसते. या नोंदीवरून कोणी क्षेत्ररक्षकांची टक्केवारी काढून दाखवली, तर छेद कुठून आणला हे आधी विचारावे. बहुतेकदा तो लेखी समालोचनातून वेचलेला असतो, आणि समालोचक दमला की सुटलेले झेल कमी होतात!

धावा वाचवण्याचा हिशेब याच रीतीने होतो. पॉइंटच्या दिशेने, साधारण सारख्या वेगाने गेलेले चाळीस चेंडू घ्या. अशा चेंडूंवर सर्वसाधारणपणे चेंडूमागे ०.९ धाव निघते असे धरले, तर ३६ धावा अपेक्षित. तिथे उभ्या खेळाडूने २८च दिल्या, तर त्याने आठ धावा वाचवल्या. चौकार अडवून त्याच्या दोन धावा केल्या की दोन जमा, सरळ हातातला चेंडू पायाखालून गेला की तेवढे वजा. जॉन्टी ऱ्होड्सने १९९३ मध्ये आपल्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध एका सामन्यात पाच झेल घेतले, ते धावफलकात कायमचे राहिले. पण तो पॉइंटला आहे म्हणून फलंदाजांनी न काढलेल्या एकेरी धावा कुठे लिहिल्या आहेत? त्या चेंडूंना त्याने हातही लावला नसेल. या धावा सापडतात, पण ‘या दिशेला गेलेल्या प्रत्येक चेंडूवर किती धावा निघाल्या’ असे मोजले तरच. ‘याने किती चेंडू अडवले’ असे मोजले तर त्या निसटतात.

सुटलेल्या झेलाची किंमत हा सर्वांत भावनिक भाग. १९९९च्या विश्वचषकात हेडिंग्लीवर हर्शेल गिब्सने स्टीव्ह वॉचा झेल सोडला, खरे तर पकडलेला चेंडू जल्लोषात उडवताना हातातून निसटला. वॉ तेव्हा ५६ वर होता. तो नाबाद १२० वर गेला. मग गिब्सची चूक ६४ धावांची, असे गेली पंचवीस वर्षे लोक म्हणतात. हा हिशेब चुकीचा आहे. वॉ पुढच्याच चेंडूवर बाद झाला असता तर चूक शून्य धावांची ठरली असती का? चूक तीच, परिणाम नशिबाचा. एकाच निष्काळजीपणातून एक रुग्ण घरी जातो आणि दुसरा दगावतो. आढावा बैठकीत आम्ही चुकीचे माप मृत्यूने घेत नाही, निदान घेऊ नये. न्याय्य किंमत अशी: तेवढी षटके शिल्लक असताना खेळपट्टीवर जम बसलेला फलंदाज राहिला तर संघाच्या सरासरी किती धावा होतात आणि त्याच्या जागी नवा आला तर किती, या दोहोंतला फरक. तो एकट्या वॉच्या ६४ धावांहून बराच कमी निघेल. गिब्सच्या नावे तेवढाच लिहावा, आणि तो त्याच दिवशी शतक काढून आला होता हे विसरू नये.

उलट बाजूचे उदाहरण ताजे आहे. २९ जून २०२४, ब्रिजटाऊन, टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत १६ हव्यात. हार्दिक पंड्याचा फुलटॉस डेव्हिड मिलरने लाँग ऑफकडे भिरकावला आणि सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो पकडला, आत उडवला, रेषेपलीकडे गेला, परत येऊन झेलला. भारत सात धावांनी जिंकला. सरळ वजाबाकी केली तर षटकार गेला असता तरी भारत एका धावेने जिंकलाच असता, म्हणजे झेलाला फार किंमत नाही! हा मूर्खपणा आहे, कारण मग पाच चेंडूंत दहा धावा हव्या असताना समोर मिलर असता. सहा धावा ही झेलाची एक बाजू. मिलर आणि त्याच्यामागून आलेला तळाचा फलंदाज यांच्यातला फरक ही दुसरी, आणि मोठी. धावफलकात मात्र या झेलाची ओळ मिडऑनला हातात आलेल्या लोंबत्या झेलाइतकीच लांब आहे.

एवढे करूनही एक पथ्य पाळावे लागते. आपल्या दुसऱ्या खेळाडूची २.८ झेलांची कमाई बघा. वीसच संधी असताना निव्वळ योगायोगाने अपेक्षित आकडा दीड-दोन झेलांनी इकडेतिकडे सहज होतो. म्हणून एका मोसमावरून त्याला श्रेष्ठ म्हणता येत नाही. तीन-चार मोसम हाच कल राहिला तर म्हणावे. टी-२० स्पर्धेत एका खेळाडूकडे अख्ख्या मोसमात दहा-बारा झेलही येत नाहीत, आणि तरीही पहिल्या पाच सामन्यांनंतर याद्या छापल्या जातात. पाच रुग्णांवरून औषध गुणकारी ठरवण्यासारखे आहे हे.

आमच्या डॉक्टरांच्या स्पर्धेत गेल्या हिवाळ्यात मी हौसेने गुणलेखकाच्या वहीत तीन जादा रकाने आखून दिले: झेल कोणाकडे गेला, सोपा की अवघड, पकडला की नाही. ‘गेला’ची व्याख्या आधीच ठरवली: पाच पावलांच्या आत पडला तर आला. मिडऑनला उभ्या असलेल्या एका पन्नाशीच्या फिजिशियनच्या नावापुढे चार संधी निघाल्या, तीन सोप्या, पकडले दोन. चौथी मी माझ्या मनात कधी मोजलीच नव्हती. चेंडू माझ्यापुढे चार पावलांवर पडला होता आणि मी टाळ्या वाजवून गोलंदाजाला धीर दिला होता.