आधी काटछाट, मग शून्य

१२० किलोमीटरचा रस्ता आहे. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गेलं तर तीन तास लागतात, ८० ने गेलं तर दीड तास. इथवरचा हिशेब कुणीही तोंडी करेल. आता प्रश्न थोडा बदलू. काटा बरोबर ४० वर आहे आणि तिथून वेग किंचित वाढवला, तर ताशी एका किलोमीटरमागे किती वेळ वाचेल?

सरळ करून पाहू. वेग ४१ केला तर सुमारे ४.३९ मिनिटं वाचतात. पण मग आपण ४० वर राहिलोच नाही, ४० ते ४१ या टप्प्याची सरासरी काढली. टप्पा लहान करून ४०.१ पर्यंतच गेलो, तर वाचलेल्या वेळेला ०.१ ने भागून दर येतो ४.४९ मिनिटं. टप्पा आणखी लहान केला की आकडा आणखी थोडा सरकेल. तो सरकत सरकत कुठे पोचतो, हे आपल्याला हवं आहे. त्यालाच अकरावी-बारावीच्या वर्गात डेरिव्हेटिव्ह म्हणतात.

वेगाला v म्हणू आणि वाढीला h. लागणारा वेळ १२०/v तास. नव्या वेळेतून जुना वेळ वजा करायचा आणि h ने भागायचं:

[१२०/(v + h) − १२०/v] ÷ h

आता h शून्याकडे न्यायचा. घाई झालेला विद्यार्थी इथेच h च्या जागी ० ठेवतो. वर १२०/v मधून १२०/v गेले, उरलं शून्य. खालीही शून्य. शून्य भागिले शून्य! काही जण त्याचं उत्तर १ लिहितात, काही ०, आणि काही जण ‘उत्तर नाही’ असं लिहून मोकळे होतात. तिन्ही चूक. शून्यावर शून्य आलं याचा अर्थ एवढाच, की या रूपातल्या राशीकडून उत्तर मिळणार नाही, रूप बदलायला हवं.

रूप बदलण्यासाठी सातवी-आठवीचं अपूर्णांकांचं गणित पुरतं. दोन अपूर्णांकांची वजाबाकी करायची म्हणजे छेद समान करायचे. इथे समान छेद v(v + h). अंशात येतं १२०v − १२०(v + h). कंस सोडवला की १२०v ला १२०v काटतं आणि उरतं −१२०h. सगळी गंमत या ओळीत आहे. ज्या राशींत h नव्हता त्या आपसात संपल्या आणि जे उरलं त्यात h गुणक म्हणून उघडा पडला. बाहेर भागायला h उभाच आहे. वरचा h आणि खालचा h काटले की राहतं:

−१२० / [v(v + h)]

आता h ला शून्य करायला काहीच आडकाठी नाही. उत्तर −१२०/v². ४० च्या वेगाला ते −०.०७५ तास, म्हणजे ४.५ मिनिटं. ऋण चिन्ह सांगतं की वेग वाढला की वेळ घटतो.

चौकस वाचक इथे हरकत घेईल: काटताना h शून्य नव्हता आणि नंतर शून्य केला, ही लबाडी नाही का? हरकत जुनी आहे. बिशप जॉर्ज बर्कली यांनी १७३४ साली न्यूटनच्या अनुयायांना याच मुद्द्यावर धारेवर धरलं होतं. त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकात, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, तिपटीने वाढवलं आणि शून्याने भागलं तर ६३ आले, संख्या कोणती? उत्तर १४. आचार्यांची सूचना अशी, की पुढे आणखी क्रिया बाकी असेल तर शून्याचा गुणाकार लगेच उरकू नये, तो राखून ठेवावा. नंतर शून्याने भागायची वेळ आली की संख्या जशीच्या तशी धरावी. आजच्या दृष्टीने शून्याला शून्याने असं काटता येत नाही. पण गुणक मिटवण्याची घाई करू नका, हे मर्म त्यांना दिसलं होतं, असं मला वाटतं.

बर्कलींना आजचं उत्तर असं: सीमा काढताना h शून्य होतच नाही, तो फक्त शून्याच्या हवा तितका जवळ जातो. त्यामुळे काटणं पूर्ण वैध आहे. आणि काटल्यानंतरची राशी h = ० पाशीही सुरळीत असल्यामुळे, तिथली तिची किंमत हीच सीमा ठरते. शून्य ‘ठेवणं’ ही त्या सीमेपर्यंत पोचायची सोयीची वाट आहे.

‘एवढा खटाटोप कशाला, h अगदी बारीक घ्या आणि यंत्रावर भागा,’ असं कुणी म्हणेल. मग फक्त दहा अंक धरणारं एक यंत्र कल्पून पाहा. h घेतला ०.००००००01 इतका नव्हे, शब्दांतच सांगतो, एक भागिले दहा कोटी. १२० ला ४०.०००००००१ ने भागल्यावर दहा अंकांत येतात २.९९९९९९९९९. त्यातून ३ वजा करून h ने भागलं की उत्तर −०.१. खरं उत्तर −०.०७५! h आणखी दहापट लहान केला, तर ४० मधली भर यंत्राला दिसतच नाही आणि उत्तर चक्क ० येतं. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की कामाचे अंक गळून पडतात आणि उरते ती गोळाबेरजेची चूक. तेच h सोपं केलेल्या रूपात घाला, −०.०७५ बिनबोभाट मिळतं, कारण धोक्याची वजाबाकी आपण कागदावरच उरकलेली असते. संगणक सोळाएक अंक धरतो, म्हणून तिथे हा घोटाळा जरा उशिरा होतो, एवढंच.

वहीत चुका होतात त्या दोनच ठिकाणी. एक, १२०/(v + h) चे १२०/v + १२०/h असे तुकडे पाडणं. दुसरी, कंसासमोरच्या वजाचा विसर पडून −१२०h चं +१२०h होणं. पहिली चूक लगेच पकडता येते: अंशात h नसलेलं एकही पद शिल्लक असेल तर मागे जा, कुठेतरी घसरलात. दुसरी चिन्हावरून कळते. वेग वाढवून वेळ वाढत असेल तर काय ते समजून घ्यावं. आणि छेदातले कंस कृपया सोडवू नका. त्यांचा विस्तार करून काहीच काटलं जात नाही, फक्त पसारा वाढतो.

अंशात आणि छेदात दोन्हीकडे चल असला तरी हीच रीत. दोन लिटर पाण्यात x लिटर रस घातला तर रसाचं प्रमाण x/(x + २). समान छेद करून अंश सोडवा: (x + h)(x + २) − x(x + h + २). सगळं काटून उरतं २h, आणि दर येतो २/(x + २)². h दर वेळी असा बाहेर पडतो हा योगायोग नाही. अंशातली बहुपदी h = ० ला शून्य होतेच, आणि जी बहुपदी h = ० ला शून्य होते तिचा h हा अवयव असतोच. म्हणून वर-खाली बहुपदी असतील तिथे ही काटछाट कधीच फसत नाही. फक्त मूळचा छेद शून्य होतो तो बिंदू सोडायचा. वर्गमूळ आलं तर अनुबद्ध राशीने गुणून h मोकळा करावा लागतो. साइन किंवा २ चा x वा घात आला तर मात्र h अवयव म्हणून निघत नाही, तिथे वेगळी हत्यारं लागतात.

आता v च्या जागी ६० घालून पाहा. ताशी एका किलोमीटरमागे वाचतात नेमकी २ मिनिटं. ८० ला तर एक मिनिट साडेसात सेकंद.