तिरप्या अक्षरांची लुडबुड

सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर आडवातिडवा फिका ‘नमुना प्रत’ छापलेला असला की पहिला सल्ला उलटा वाटेल: आधी तेच वाचा! कागद तिरका धरला की ती अक्षरं सरळ होतात. त्यातली नेमकी अक्षरं कोणती, किती मोठी आणि कुठे कुठे पुन्हा येतात, हे कळलं की मग मजकुरातून कोणतं वळण वजा करायचं तेही कळतं. छापाला ओळ, रकाना, समास यांचं काही सोयरसुतक नसतं. शिरोरेघेला तो तिरका छेदतो आणि चौकटीच्या रेषेवरूनही बिनधास्त पुढे जातो.

देवनागरीत त्याची गंमत अधिक, कारण आपल्याकडे छोट्या फटकाऱ्यांना मोठे अर्थ आहेत. शिरोरेघेच्या वर तिरकी करडी रेघ डोकावली की ‘क’चा ‘के’ होतो, अक्षराच्या पायाशी आली की हलन्त वाटतो. खरी मात्रा मात्र अक्षराला चिकटून सुरू होते आणि अक्षराच्याच जाडीची असते. छापाची रेघ शेजारच्या अक्षरात, अगदी खालच्या ओळीतही, त्याच कलाने पुढे सापडते. भिंग घ्या आणि रेघेचं दुसरं टोक शोधा.

रंगावर मात्र फार विसंबू नका. फिका करडा रंग छापताना बारीक ठिपक्यांनी बनतो, म्हणून मूळ प्रतीत त्याच्या कडा खरखरीत दिसतात. तोच कागद निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन झाला की करडा एक तर उडून जातो किंवा ठार काळा होतो. मग फिकेपणाची खूण गेली. हातात उरतो फक्त कल. आणि एखादा सुटा ठिपका शिल्लक राहून ‘शिदे’ला ‘शिंदे’ करून बसतो तो वेगळाच!

आकड्यांचं सोंग यापेक्षा महागात पडतं. समजा, उताऱ्यावर जिरायत क्षेत्र 0.81.00, पोटखराब 0.09.00 आणि एकूण 0.40.00 असं दिसतंय. हेक्टर, आर, चौरस मीटर असा हा क्रम. आता 81 आणि 9 मिळून 90 होतात, 40 नाही. शंका 8 वर घ्या: छापातल्या ‘त’ची कमान 3 च्या उघड्या डाव्या बाजूला येऊन बसली, की झाला 8. 31 आणि 9 मिळून बरोबर 40. फरक पन्नास आरचा, म्हणजे सुमारे सव्वा एकर जमिनीचा. बेरजेचा आकडाही झाकलेला असेल तर खातेदारांच्या नावांपुढची क्षेत्रं जुळवा, नाहीतर आठ-अ काढा. फेरफार क्रमांकाला मात्र बेरीज नसते; तिथे अंदाज चालत नाही, फेरफाराची नोंदच उघडून पाहावी लागते.

सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात आणखी एक मेख आहे. निरस्त झालेल्या नोंदी पूर्वी कंसात दाखवत, आता त्यांवर आडवी रेघ मारलेली असते. तेव्हा नावावरून रेघ गेलेली दिसली की पहिला प्रश्न: आडवी की तिरकी? आडवी आणि नावाच्या लांबीपुरती असेल तर खातेदार कमी झालाय. तिरकी असेल आणि समासात शिरत असेल तर मंडळी अजून सातबाऱ्यावर सुखरूप आहेत.

लाल शिक्क्याचा बंदोबस्त सोपा. त्यावर पारदर्शक लाल जिलेटिन कागद धरला की शिक्का पुसट होतो, काळी अक्षरं तशीच राहतात. काळ्या शाईच्या शिक्क्यापुढे ही युक्ती हात टेकते.

काही छाप तर झेरॉक्स काढल्यावरच प्रकट होतात. बँकेचा सीटीएस-2010 धाटणीचा चेक घ्या: त्याच्या नक्षीत ‘व्हॉइड’ किंवा ‘कॉपी’ हा शब्द दडवलेला असतो. डोळ्याला तो सहसा जाणवत नाही, बँकेच्या स्कॅनरवर दिसू नये अशी सोय असते. पण झेरॉक्समध्ये वर येतो. म्हणजे तो ‘व्हॉइड’ वाचून चेक रद्द झालाय असं समजू नका. तो नुसता झेरॉक्सची चुगली करतोय. ‘सीटीएस इंडिया’ हा जलछाप मात्र कागदातच असतो आणि उजेडासमोर धरल्यावर दिसतो.

सगळ्यात मजा पीडीएफमध्ये. तिरप्या शब्दाचं प्रत्येक अक्षर वेगळ्या उंचीवर असतं. म्हणून पानावरचा मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की कधी कधी ‘न’ एका ओळीत, ‘मु’ तिसऱ्या ओळीत, ‘ना’ पाचव्यात असे विखुरलेले पाहुणे सापडतात. असं एकटं, संबंध नसलेलं अक्षर दिसलं की वरून खाली तेवढीच अक्षरं ओळीने वाचा. ‘नमुना’ जुळला तर बिनदिक्कत पुसा. नाही जुळला तर मूळ पानावर पुन्हा नजर टाकल्याशिवाय हात लावू नका.