रात्रीच्या पोळ्या सकाळी मऊ कशा करायच्या?

शिळी पोळी कडक होते ती फक्त वाळल्यामुळे नाही. गार होताना कणकेतला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि फ्रिजमध्ये हे आणखी वेगाने होतं. उष्णता आणि थोडी ओल मिळाली की तो परत सैल पडतो.

एक-दोन पोळ्यांसाठी मला तवाच आवडतो. तवा आधी चांगला तापवा, पोळीवर ओला हात फिरवा, दोन्ही बाजू दहा-पंधरा सेकंद शेकून लगेच उतरवा. मंद आचेवर रेंगाळली की पाणी उडून पापड होतो!

तीन-चार असतील तर मायक्रोवेव्ह. सुती फडकं भिजवून घट्ट पिळा, त्यात पोळ्या गुंडाळा आणि वीस-तीस सेकंद ठेवा. फडकं ठिबकत असेल तर पोळ्या चिकट होतात. वेळ जास्त झाला तर गरम असताना मऊ लागतात, पण ताटात येईपर्यंत चिवट.

मोठी चवड फॉइलमध्ये गुंडाळून मंद तव्यावर झाकून ठेवा, मधे एकदा उलटा. फॉइल मायक्रोवेव्हमध्ये मात्र नको, ठिणग्या उडतात.

आणि लागतील तेवढ्याच गरम करा. दुसऱ्यांदा गरम केलेली पोळी आणखी कोरडी पडते.