दुपटीच्या पावलांनी

1/(n log n) आणि 1/(n (log n)²) या दोन अनंत श्रेणी शेजारीशेजारी मांडल्या, तर संगणकालाही त्यांतला फरक ओळखणे जड जाते. n = 2 पासून दहा लाखांपर्यंतची पदे मिळवली, तर पहिलीची बेरीज सुमारे ३.४ होते आणि दुसरीची २.०४. शंभर कोटींपर्यंत गेलो, तर पहिली ३.८ वर पोहोचते आणि दुसरी २.०६ वर. दोन्ही अगदी रेंगाळत वाढताना दिसतात. पण पहिली कुठेच थांबत नाही, ती कितीही मोठी संख्या कधीतरी ओलांडतेच. दुसरी मात्र २.११ च्या पुढे कधीच जात नाही. असा निकाल आकडेमोडीतून मिळत नाही. तो देणारी कसोटी ओगुस्तँ लुई कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात मांडली. तिला संघनन कसोटी म्हणतात.

शिकताना आधी हाताशी येते ती गुणोत्तराची कसोटी: पुढच्या पदाला मागच्या पदाने भागायचे आणि ते गुणोत्तर कुठे जाते ते पाहायचे. इथे दोन्ही श्रेणींत ते १ कडेच जाते, आणि १ आले की ती कसोटी काहीच सांगत नाही.

कोशीची युक्ती अशी की पदे एकेक न मोजता त्यांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गट आधीच्या गटाच्या दुप्पट ठेवायचा. २ आणि ३ क्रमांकाची पदे पहिल्या गटात, ४ ते ७ दुसऱ्या, ८ ते १५ तिसऱ्या. पदे उतरत्या क्रमाने लहान होत असल्यामुळे गटातले पहिलेच पद सर्वांत मोठे असते. म्हणून गटाची बेरीज ‘पहिले पद गुणिले पदांची संख्या’ यापेक्षा जास्त होऊच शकत नाही.

दुसरा गट प्रत्यक्ष मांडून पाहू. इथला log म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. (log n)² वाल्या श्रेणीत ४ ते ७ क्रमांकाची पदे साधारण ०.१३०, ०.०७७, ०.०५२ आणि ०.०३८ आहेत. त्यांची बेरीज ०.२९७ होते. पहिल्या पदाची चौपट ०.५२०, म्हणजे अंदाज सढळ हाताने केलेला आहे, पण तो कमी पडत नाही. उलट बाजूने पाहिले, तर गटातले प्रत्येक पद पुढच्या गटाच्या पहिल्या पदाहून मोठे असते. त्यामुळे गटाची बेरीज पुढच्या गटाच्या अंदाजाच्या निम्म्याखाली येत नाही. श्रेणी अशी दोन्हीकडून बांधली गेली, की अंदाजांच्या बेरजेचे जे होईल तेच मूळ बेरजेचे होणार.

आता लॉगॅरिदमचा गुण कामी येतो. संख्या दुप्पट केली की तिचा लॉगॅरिदम फक्त log 2 ने, म्हणजे ०.६९३ ने वाढतो. त्यामुळे k व्या गटाच्या सुरुवातीला, n = 2^k असताना, log n बरोबर k log 2 असतो. गटात पदेही 2^k असतात आणि छेदातला n सुद्धा 2^k. दोन्ही एकमेकांना काटतात. उरते ते एवढेच:

1/(k² (log 2)²)

ही तर 1/k² ची ओळखीची श्रेणी, एका ठरावीक संख्येने गुणलेली. तिची बेरीज π²/6 असते हे ऑयलरने दाखवले आहे. (log 2)² म्हणजे ०.४८०. त्याने भागले की ३.४२ मिळतात. मूळ बेरीज याच्या आतच राहणार, म्हणजे श्रेणी अभिसारी आहे. वर्ग काढून टाकला तर उरते 1/(k log 2), आणि 1/k ची बेरीज तर अमर्याद वाढते. म्हणून पहिली श्रेणी अपसारी. वर्गाच्या जागी दुसरा कोणताही घात p असला तरी हिशेब तोच: p एकाहून मोठा असेल तर श्रेणी अभिसारी, नाहीतर अपसारी. १.००१ सुद्धा पुरतो.

एक अट मात्र सोडून चालत नाही: पदे घटतीच हवीत. n हा २ चा घात असेल तिथे 1/n आणि बाकी सगळीकडे शून्य अशी पदे घ्या. त्यांची बेरीज १/२ + १/४ + १/८ अशी मर्यादित आहे, पण कसोटीचा प्रत्येक अंदाज १ येतो आणि श्रेणी अपसारी असल्याचा चुकीचा निर्वाळा मिळतो. कारण उघड आहे. कसोटी प्रत्येक गटातले फक्त पहिले पद पाहते आणि बाकीची त्याच्यामागे शिस्तीत उभी आहेत असे धरून चालते.

शिवाय ही कसोटी बेरीज मर्यादित आहे एवढेच सांगते, ती किती हे सांगत नाही. नुसती पदे मिळवत ती काढणेही अशक्य आहे. N पदांनंतर उरलेली बेरीज जवळजवळ 1/log N असते, त्यामुळे चूक ०.०१ वर आणायची तर ४४ अंकी संख्येइतकी पदे लागतील. त्याऐवजी दहा लाखांपर्यंतची बेरीज २.०३७४ घ्यायची आणि उरलेल्या भागासाठी 1/log N, म्हणजे ०.०७२४, त्यात मिळवायचे. उत्तर येते २.१०९८, आणि खरी किंमत २.१०९७ च्या किंचित वर आहे.