निकालाआधीचा शुक्रवार

31 मे 2024 हा शुक्रवार होता. शनिवारी लोकसभेचे एक्झिट पोल येणार होते आणि मंगळवारी, 4 जूनला, मतमोजणी होती. त्या दिवशी निफ्टी 22,531 वर बंद झाला. शेअर विकायचे नाहीत, पण निकालाचा फटकाही नको, असे वाटणाऱ्या गुंतवणूकदारापुढे दोन वाटा होत्या: निफ्टी फ्युचर विकणे किंवा पुट ऑप्शन विकत घेणे.

समजा, त्याच्याकडचे शेअर साडेबावीस लाखांचे आहेत आणि ते साधारण निफ्टीइतकेच वरखाली होतात. तेव्हा निफ्टीचा एक लॉट 25 चा होता, म्हणजे एका लॉटची किंमत सुमारे 5 लाख 63 हजार. चार लॉट विकले की निर्देशांकाच्या प्रत्येक अंकामागे 100 रुपयांचा हिशेब होतो आणि पोर्टफोलिओ झाकला जातो. (सोयीसाठी फ्युचर आणि निर्देशांक एकाच भावाला धरू, प्रत्यक्षात थोडा फरक असतो.) यासाठी प्रीमियम लागत नाही, फक्त मार्जिन अडकते. म्हणून अनेकांना ही वाट फुकटची वाटते.

ती फुकटची नाही, हे सोमवारीच कळले. एक्झिट पोलने सत्ताधाऱ्यांना दणदणीत बहुमत दाखवले आणि निफ्टी 733 अंकांनी उसळून 23,264 वर गेला. शेअरमध्ये 73 हजारांचा फायदा झाला, पण तो कागदावर. फ्युचरमधला तेवढाच तोटा मात्र रोजच्या मार्क टू मार्केट हिशेबात खात्यातून रोख वजा झाला. शेअर तारण ठेवून मार्जिन भागवता येते, पण हा रोजचा तोटा रोखीनेच भरावा लागतो. हेज करणारा अडचणीत येतो तो बहुधा इथेच. खात्यात रोकड नसेल तर ब्रोकर सौदा कापतो, किंवा माणूस स्वतःच घाबरून सोमवारी संध्याकाळी बाहेर पडतो.

आणि मंगळवारी निफ्टी 1,379 अंकांनी, जवळपास सहा टक्क्यांनी, कोसळून 21,884 वर बंद झाला. जो टिकून राहिला, त्याच्या खात्यात एका दिवसात 1 लाख 38 हजार रुपये जमा झाले आणि शेअरमधली घसरण भरून निघाली. सोमवारी बाहेर पडलेल्याने 73 हजार रोख गमावले आणि पडझडही पूर्ण सोसली.

पुटची गोष्ट वेगळी. शुक्रवारी 27 जूनच्या एक्स्पायरीचा 22,000 चा पुट साधारण 300 रुपयांना मिळतो असे धरू. तेव्हाच्या अस्थिरतेला हा भाव साजेसा आहे. चार लॉटचे 30 हजार रुपये, म्हणजे पोर्टफोलिओच्या सव्वा टक्क्याहून थोडे जास्त. विम्यात पहिला काही खर्च स्वतःच सोसावा लागतो, तसेच इथे 22,531 पासून 22,000 पर्यंतचे 53 हजार गुंतवणूकदाराचेच. म्हणजे एक्स्पायरीला निफ्टी कितीही खाली असला, तरी एकूण तोटा सुमारे 83 हजारांवर थांबतो. सोमवारच्या उसळीत या पुटचा भाव खूप घसरला असता, पण आणखी एक रुपयाही कोणी मागितला नसता.

पुटच्या खर्चाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भीती सर्वांना एकाच वेळी वाटते, तेव्हा संरक्षण महागते. बाजाराला येत्या महिन्यात किती चढउतार अपेक्षित आहेत, हे सांगणारा इंडिया व्हिक्स एप्रिलच्या अखेरीस 11 च्या आसपास होता. 31 मेपर्यंत तो 24 च्या वर गेला. म्हणजे तोच पुट महिनाभरात दुपटीहून महाग झाला. निकाल लागला की उलटे होते: 5 जूनला व्हिक्स 19 च्या खाली आला. अनिश्चितता सरली की प्रीमियमही ओसरतो. घटनेसाठीच घेतलेला पुट त्यानंतर महिनाअखेरीपर्यंत धरून ठेवला, तर उरलेली किंमत रोज झिजते.

27 जूनला निफ्टी 24,000 च्या वर बंद झाला. पुट शून्य झाला. 30 हजार गेले, पण शेअर सुमारे दीड लाखाने वाढले होते आणि ती वाढ गुंतवणूकदाराचीच राहिली. फ्युचर तोवर धरून ठेवणाऱ्याची तीच वाढ फ्युचरच्या तोट्यात पूर्ण विरली. फ्युचरचा खरा खर्च हाच. म्हणून निकालासाठी विकलेले फ्युचर निकाल लागताच परत घ्यायला हवेत, आणि तो दिवस सौदा करतानाच ठरलेला असावा.

दोन्ही वाटांची मर्यादा एकच: संरक्षण मिळते ते निफ्टीच्या घसरणीपासून, आपल्या शेअरच्या घसरणीपासून नव्हे. 4 जूनला एनटीपीसी, ओएनजीसी, स्टेट बँक दहा टक्क्यांहून अधिक पडले, तर हिंदुस्थान युनिलिव्हर वाढला. सरकारी कंपन्यांनी भरलेल्या पोर्टफोलिओला चार लॉट अपुरे पडले असते. निफ्टीच्या सव्वापट हलणाऱ्या पोर्टफोलिओला पाच लॉट लागतात. पण हा आकडा, म्हणजे बीटा, मागच्या भावांवरून काढलेला असतो आणि निकालाच्या दिवशी तो बदलू शकतो.

लहान पोर्टफोलिओला आज आणखी एक अडचण आहे. सेबीने नोव्हेंबर 2024 पासून निर्देशांकाच्या नव्या सौद्यांची किमान किंमत 15 लाख केली. पाच-सात लाखांचे शेअर असलेल्याने एक लॉट फ्युचर विकला, तर गरजेच्या दुपटीहून जास्त विक्री होते आणि बाजार चढला की निव्वळ तोटा होतो. त्याच्यासाठी काही शेअर विकून रोकड हातात ठेवणे हाच सोपा आणि स्वस्त हेज.