स्वप्न पडतं, पण लक्षात राहत नाही

‘मला स्वप्नंच पडत नाहीत,’ असं सांगणारं एखादं माणूस बहुतेक घरांत असतं. सकाळी चहा घेताना बाकीचे रात्रीची स्वप्नं सांगत असतात आणि हे माणूस नुसतं ऐकत असतं. कुणी याला गाढ झोपेचं भाग्य म्हणतं, कुणी कल्पनाशक्तीची उणीव. प्रयोगशाळेत मात्र वेगळंच दिसून आलं आहे. अशा माणसाला झोपेच्या नेमक्या टप्प्यावर उठवलं, तर तेही बऱ्याचदा नुकतंच पडलेलं स्वप्न सांगतं. स्वप्न आठवणाऱ्या आणि न आठवणाऱ्या माणसांतला मोठा फरक स्वप्न पडण्यात नसून जाग येण्यात आहे.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांना झोपेतला एक वेगळा टप्पा सापडला. या टप्प्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं झपाट्याने हलतात. त्याला आता ‘रेम झोप’ म्हणतात. या झोपेतून उठवलेली माणसं दहापैकी सात-आठ वेळा स्वप्न सांगू शकतात. इतर टप्प्यांतही स्वप्नं पडतात, पण लांबलचक, चित्रमय, गोष्टीसारखी स्वप्नं रेम झोपेत जास्त असतात. ही झोप साधारण दर दीड तासाने येते. पहिल्या खेपेला ती काही मिनिटांचीच असते, आणि पहाटेपर्यंत तिची लांबी वाढत जाते. पहाटेचं स्वप्न खरं होतं की नाही हे विज्ञान सांगत नाही. पहाटेचं स्वप्न लक्षात का राहतं, हे मात्र यावरून कळतं. ते लांब असतं आणि त्याच्या पाठोपाठ आपण उठतो.

मग ते विरतं कशामुळे? जागेपणी एखादी गोष्ट मनात पक्की होण्यासाठी मेंदूला नॉरॲड्रेनलिनसारख्या रसायनांची मदत होते. रेम झोपेत नॉरॲड्रेनलिन सोडणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प असतात. त्यामुळे स्वप्नातला प्रसंग कितीही ठसठशीत असला, तरी त्याची नोंद फार कच्ची होते. जाग आली की ही यंत्रणा पुन्हा चालू होते आणि नुकतंच पाहिलेलं दृश्य पकडून ठेवायला थोडा अवधी मिळतो. जाग क्षणभरच आली आणि पुन्हा डोळा लागला, तर ते दृश्य तसंच निसटून जातं.

फ्रान्समधल्या लिऑन शहरात पेरीन रुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच अवधी तपासला. त्यांनी दोन गट घेतले. एका गटाला आठवड्यातल्या सरासरी पाच सकाळी स्वप्न आठवत असे, दुसऱ्याला महिन्यातून दोनेक वेळाच. रात्रभर मेंदूच्या लहरी नोंदवल्यावर पहिल्या गटातली माणसं झोप लागल्यानंतर एकूण सुमारे अर्धा तास जागी असल्याचं दिसलं, तर दुसऱ्या गटातली साधारण पाव तास. हा वेळ सलग नसतो, छोट्या छोट्या तुकड्यांत विखुरलेला असतो. पुढच्या अभ्यासात आणखी एक बारकावा हाती आला. स्वप्न आठवणाऱ्यांची एकेक जाग साधारण दोन मिनिटांची होती आणि न आठवणाऱ्यांची एकाच मिनिटाची. तेवढ्या एका मिनिटाच्या फरकात स्वप्न टिकतं किंवा जातं. झोपेत कानावर पडलेल्या नावांनाही पहिल्या गटाचा मेंदू अधिक जोरकस प्रतिसाद देत होता. म्हणजे ज्याची झोप सावध असते, त्याला स्वप्नं जास्त आठवतात.

जाग आल्यानंतरचा पहिला मिनिट किती नाजूक असतो, हे १९७३ सालच्या एका साध्या अमेरिकी प्रयोगातून कळतं. त्यातल्या काही जणांना सांगितलं होतं की, उठल्याबरोबर हवामान सांगणाऱ्या क्रमांकावर फोन करा, तापमान टिपून घ्या आणि त्यानंतर स्वप्न लिहा. ज्यांना फोन करायचा नव्हता, त्यांच्या तुलनेत या मंडळींना स्वप्नातला मजकूर बराच कमी आठवला. काही तरी स्वप्न पडलं होतं एवढं त्यांच्या लक्षात असे, पण काय ते सांगता येत नसे. आज गजर मोबाइलवरच वाजतो. तो बंद करता करता आपण निरोप वाचतो, वेळ पाहतो, आज काय काय उरकायचं ते आठवतो. त्या प्रयोगातला फोन आपण रोज सकाळी स्वतःच करत असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थाला पहाटेची लोकल गाठायची असते. ते बाराला झोपतात, साडेपाचला गजर वाजतो आणि ते ताडकन उठून बसतात. साडेपाच तासांच्या झोपेत रेम झोपेच्या तीन-चार फेऱ्या होतात. सर्वांत लांब फेरी येण्याआधीच झोप संपते. शिवाय उठल्या क्षणी हातात मोबाइल आणि डोक्यात गाडीची वेळ. महिनाभर स्वप्न आठवलं नाही, तर नवल नाही.

या गृहस्थांनी सुरुवात सुट्टीच्या दिवसापासून करावी. आदल्या रात्री लवकर झोपावं, गजर लावू नये आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. उशाशी वही-पेन असू द्यावं. झोपताना ‘उठल्यावर आधी स्वप्न आठवायचं’ एवढं मनाशी ठरवावं. जाग आली की डोळे उघडू नयेत, कूसही बदलू नये. ‘काय स्वप्न पडलं?’ असं विचारण्याऐवजी ‘आत्ता मन कसं आहे? धास्तावलंय, की खुशीत आहे?’ असं स्वतःला विचारावं. भावना बहुधा सर्वांत शेवटी विरते. तिच्या आधाराने शेवटचं दृश्य शोधावं आणि तिथून ‘त्याच्या आधी काय होतं?’ असं मागे मागे जावं. काहीच हाती लागलं नाही, तर रात्री ज्या कुशीवर झोपलो होतो त्या कुशीवर हळूच वळून पाहावं. मग लगेच तीन-चार शब्द लिहावेत: ‘शाळेचा जिना, ओली चप्पल, आजोबा रागावलेत’. पूर्ण वाक्यं जुळवत बसलं, तर तेवढ्यात बाकीचं निसटतं.

‘स्वप्न पडलं होतं, पण काय ते आठवत नाही,’ एवढंच जाणवलं तरी ते लिहावं. तशी नोंद वाढू लागली, तर जाग आता योग्य वेळी येते आहे असं समजावं. राहिलंय ते फक्त पहिल्या मिनिटात न हलता थांबणं. ज्यांना स्वप्नं क्वचित आठवतात, त्यांना अशी वही ठेवल्याचा सर्वाधिक फायदा होतो. रोज स्वप्नं आठवणाऱ्यांत मात्र वहीने फारसा फरक पडत नाही.

याला मर्यादाही आहेत. मद्य आणि नैराश्यावरची काही औषधं रेम झोप कमी करतात, पण डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नये. स्वप्नासाठी मध्यरात्री गजर लावून स्वतःला उठवणंही नको. झोपमोडीचं नुकसान त्याहून मोठं आहे. एरवी छान आठवणारी स्वप्नं मेंदूला मार लागल्यावर किंवा पक्षाघातानंतर एकाएकी थांबली, किंवा कुणी झोपेत हातपाय झाडू लागलं, तर ते मेंदूविकारतज्ज्ञाला सांगावं.

बाकी स्वप्न न आठवणं हा आजार नाही. बऱ्याचदा ते सलग झोपेचं लक्षण असतं. पण आपल्याला काय दिसतं हे जाणून घ्यावंसं वाटत असेल, तर येत्या सुट्टीच्या सकाळी डोळे मिटूनच दोन मिनिटं तसेच पडून राहा आणि मोबाइलला त्यानंतरच हात लावा.