उधारीची आठवण: विनोद पैशांवर, मित्रावर नाही

अलिबागच्या सहलीचे १,८५० रुपये मित्राकडे अडकलेत. मागायचे कसे?

मेसेज ग्रुपवर नको, थेट त्यालाच पाठवा. चारचौघांत तीच ओळ टोमणा वाटते. शक्यतो पगार झाल्यावर, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाठवा.

“अरे, अलिबागचे माझे १,८५० रुपये अजून तुझ्याकडेच मुक्कामाला आहेत. पाहुणचार भरपूर झाला, आता त्यांना घरी पाठव! रविवारपर्यंत जमेल ना?”

यात थट्टा पैशांची आहे. “कंजूष”, “गायब झालास” असं काही नाही, त्यामुळे त्याला स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. रक्कम, कारण आणि वार मात्र स्पष्ट आहेत. “जमेल तेव्हा दे” लिहिलंत की ते ‘जमेल तेव्हा’ कधीच येत नाही, हे मी ठामपणे सांगतो. सोबत रक्कम भरलेला यूपीआय क्यूआर जोडा, म्हणजे आकडा शोधत बसायला नको.

उत्तरात नुसतं हसणारं इमोजी आलं, तर विनोद पोचला, मागणी नाही. तेव्हा लगेच लिहा: “हसलास, छान! मग रविवार पक्का समजू?”

रविवार कोरडा गेला तर दोन दिवसांनी, विनोद कमी करून: “पाहुणे अजून निघाले नाहीत. एकदम जड जात असेल तर आत्ता ९००, उरलेले ९५० पुढच्या पाच तारखेला. चालेल?”

तरीही शांतता असेल तर तिसरा विनोद नको. फोन करा आणि आधी विचारा, “सगळं ठीक आहे ना?” कधीकधी तिथे खरीच अडचण असते.